आमटी वाढली

येलदरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला दैवशालाची खानावळ आहे. चार टेबलं, वर पत्रा, मागं चूल आणि चुलीच्या बाजूला गॅस. पाटीवर ‘येथे मासे व घरगुती जेवण मिळेल’ असं लिहिलेलं आहे, आणि त्यातला ‘घरगुती’ हा शब्द रंगाऱ्यानं फुकट घातलाय असं दैवशाला सांगते. खोटं नाही. तिच्याकडं जेवायला बसलेल्या माणसाला हात धुवायचं पाणी मागावं लागत नाही आणि पोट भरलं हे तोंडानं सांगून भागत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. पहाटे तिचा नवरा लिंबाजी धरणावर जाऊन भोयांकडून मासे आणतो, कडूबाई भाकरी थापते आणि बाकीचं सगळं दैवशाला बघते. अकरा वर्षं हे असंच चाललंय. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, धरणावरचे कामगार आणि रविवारी बायकापोरांना घेऊन आलेले जिंतूरचे मास्तर लोक.

तर या दैवशालाचे शब्द पुस्तकात जायचे ठरले आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

झालं असं, की तिची भाची प्रियांका, बोरीच्या भावाची लेक, जिंतूरला कॉलेजात मराठी शिकवते. तिनं पर्यटकांसाठी एक छोटी पुस्तिका करायला घेतली होती. सोळा पानं. आपल्याकडच्या गावांत परमुलखातला माणूस आला तर त्यानं हॉटेलात काय मागायचं, कसं मागायचं आणि उठताना पैसे कसे द्यायचे, एवढंच. तीन रकाने. पहिल्यात मराठी वाक्य, दुसऱ्यात तेच तेलुगू अक्षरांत, म्हणजे वाचून बोलता येईल, आणि तिसऱ्यात तेलुगूत अर्थ. तेलुगू कशाला, तर निजामाबादेकडून दोन दोन दिवसांच्या सहली आता इकडं यायला लागल्यात. नेमगिरीचा डोंगर बघतात, येलदरीचं धरण बघतात आणि भूक लागली की बोटं दाखवत बसतात. प्रियांकाची निजामाबादेत एक मैत्रीण होती, तिनं तेलुगूची बाजू सांभाळली. मराठीची बाजू प्रियांकाची. आणि प्रियांकाची मराठी म्हणजे काय सांगावं, पोरीला पगारच तिचा मिळतो.

पुस्तिकेचा कच्चा छाप घेऊन एका दुपारी ती आत्याकडं आली. “ऐक,” म्हणाली आणि वाचायला लागली. “कृपया मला भोजनाची सूची मिळेल का?”

दैवशाला कांदा चिरत होती. सुरी थांबली. “कुणाला पायजे?”

“गिऱ्हाईकाला गं. मेनूकार्ड मागायलाय तो.”

“मग काय काय हाय असं इचारील की. सूची कशाला? आमचं कार्ड म्हंजे कडूबाईचं तोंड.”

कडूबाईनं तव्यावरून मान वर न करता हुंकार दिला. प्रियांकानं खोडून लिहिलं, ‘जेवायला काय काय आहे?’ पुढचं वाक्य आलं, ‘माझे देयक द्यावे.’ दैवशाला चांगलीच बुचकळ्यात पडली. देयक हा शब्द तिनं आयुष्यात एकाच कागदावर पाहिला होता आणि तो कागद मीटर बघणारा आणून टाकायचा.

“लाईटीचं देयक मी त्याला कशाला देऊ? तेला काय माझं मीटर भरायचंय?”

प्रियांका हसली, मग लाजली आणि मग चटई ओढून खालीच बसली. दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत सोळा पानांचा भुगा केला. देयक गेलं आणि ‘किती झाले?’ आलं. ‘मला एक थाळी हवी’ गेलं, ‘एक ताट लावा’ आलं. ‘स्कॅनर कुठाय?’ हे वाक्य प्रियांकानं घातलंच नव्हतं, दैवशालानं घालायला लावलं, कारण हल्ली उठताना प्रत्येकजण हेच विचारतो. ‘तिखट कमी करा’ याच्याखाली तिनं ‘जमंल तेवढं’ असं उत्तर लिहायला सांगितलं. आणि सुक्या भाजीला प्रियांकानं कौतुकानं ‘कोरड्यास’ लिहिलं होतं, त्यावर तर कडूबाईसुद्धा हसली. नावात कोरडं असलं तरी आपल्याकडचं कोरड्यास भाकर बुडवायला असतं, आणि ते कोरडं म्हणून मागणाऱ्याचा शर्ट वाचत नाही. तेही खोडलं.

शेवटच्या पानावर काही सुटे शब्द होते. द्या, आणा, घ्या, बास. त्यात ‘वाढा: ताटात घाला’ आणि त्याच्याखाली ‘वाढलं: ताटात घातलं’ अशी जोडी होती. तोवर दिवस कलला होता आणि प्रियांकाला जिंतूरची गाडी धरायची होती. दैवशालाला ते पान वाचून दाखवलं तेव्हा तिनं मान डोलावली. चूक तरी कुठं होती त्यात?

पण खरी गंमत पुढं. महारुद्र नावाचा सहलीच्या गाड्यांचा मालक, नांदेडचा, त्यानं पुस्तिकेच्या हजार प्रती घ्यायची तयारी दाखवली होती, अट एकच. आधी एक गाडी आणीन, चोवीस माणसं, कच्चा छाप हातात देऊन तुमच्याच आत्याकडं जेवायला बसवीन. नीट पार पडलं तर छापा आणि दर पंधरा दिवसांच्या आईतवारी माझी गाडी इथं थांबंल. नाही पडलं तर जिंतूर रस्त्याला मोठं हॉटेल हाय, तिथं भिंतीवर फोटो लावलेत, बोट दाखवलं की काम होतंय. मग मला पुस्तकबी नको आणि हे वळणबी नको. महारुद्र माणूस वाईट नव्हता, पण धंद्यात तो एकच संधी द्यायचा.

दर पंधरा दिवसांनी चोवीस ताटं. अकरा वर्षांत दैवशालाकडं कुणी ठरवून आलं नव्हतं. वाटेत लागली म्हणून थांबणारे सगळे. कुणीतरी परमुलखातून हिचं नाव घेऊन निघावं, या कल्पनेनंच तिला झोप लागेना. तिनं पत्रा धुतला. टेबलांना नवं प्लॅस्टिक घातलं. शनिवारी तिनं लिंबाजीला गिऱ्हाईक करून बसवलं आणि पुस्तिकेतली वाक्यं म्हणायला लावली. लिंबाजीनं “जेवायला काय काय आहे?” असं इतकं शुद्ध बोलून दाखवलं की कडूबाईनं त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली, ती अजून थांबलेली नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्यापेक्षा नवरीलाच जास्त घाई होती.

रविवारी साडेबाराला गाडी आली. टेबलं चारच, म्हणून बारा माणसं जेवायला बसली आणि बारा जणांना घेऊन प्रियांका आणि महारुद्र धरण दाखवायला गेले. प्रियांका जाताना म्हणाली, “आत्या, घाबरू नको. पुस्तक त्यांच्या हातात हाय.”

घाबरतंय कोण? दैवशालाचे गाल तव्यासारखे तापले होते.

आणि काय सांगावं, पहिली वीस मिनिटं म्हणजे नुसता उत्सव. एका बाईनं पुस्तिका डोळ्यांशी धरली आणि एकेक अक्षर उचलत म्हटलं, “जे-वा-यला का-य का-य आ-हे?” कडूबाईनं एका दमात सगळं सांगितलं, मासा फ्राय, माशाचा रस्सा, येसराची आमटी, भाकर, ठेचा, भात. बाईला त्यातलं निम्मं कळलं, पण आपलं वाक्य लागू पडलं याचा तिला एवढा आनंद झाला की तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. मग सगळेच सुरू झाले. “एक ताट लावा.” “पाणी द्या.” “तिखट कमी करा.” दैवशाला प्रत्येकाला उत्तर देत होती आणि आत आल्यावर कडूबाईला सांगत होती, “ऐकलंस का? माझंच वाक्य हाय ते. त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं जसंच्या तसं म्हटलं.” बोलणं कुणाचं आणि कुठून फिरून आलं. तिला मनापासून हसू येत होतं.

कोपऱ्यातला तो म्हातारा म्हणजे राजय्या, निवृत्त पोस्टमन. पुस्तिका सगळ्यात मनापासून वाचणारा तोच. पेन्सिलनं खुणासुद्धा केल्या होत्या. त्याच्या शेजारी त्याची थोरली बहीण सत्तेम्मा. सत्तरीची, नाकात दोन्हीकडं चमक्या, मासे न खाणारी. तिच्या पुढ्यात भाकर आणि येसराची आमटी आली. येसर म्हणजे आपल्याकडं धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणी दिली की झणझणीत आमटी होते. सत्तेम्मानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. दुसरी वाटी घेतली. तिचं बघून मासे खाणाऱ्यांनीही आमटी मागितली. तिखट कमी करा म्हणणाऱ्यांनी तिसऱ्यांदा मागितली. दैवशालाचा हात काही आखडता नव्हता. ती वाढत गेली आणि पातेल्याचा तळ दिसला.

येसराच्या डब्यातही काही उरलं नव्हतं. घराघरांतून वाटीभर जमवायला कडूबाई निघून गेली. आत चूल पेटलेली, बाहेर बारा माणसं जेवतायत आणि आणखी बारा यायची आहेत. नेमक्या त्या वेळी सत्तेम्मानं वाटी उचलली, पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं आणि गोड हसून म्हणाली,

“आमटी वाढा.”

दैवशाला तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्याला हात लावला आणि तितक्याच गोडीनं म्हणाली, “आमटी वाढली, माय.”

सत्तेम्मानं पुस्तिकेत पाहिलं. वाढली. ताटात घातली. मग वाटीत पाहिलं. वाटी कोरडी. तिला वाटलं, बाई आता आणतेय. ती वाट बघत बसली. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा म्हटलं, “आमटी वाढा.” दैवशालानं पिठलं टाकायला कांदा घेतला होता, ती आतूनच म्हणाली, “वाढली की, माय. भात घ्या.”

म्हातारीचा चेहरा पडला. ती भावाला काहीतरी बोलली. राजय्यानं पुस्तिका घेतली, बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कागदावर एक आणि हातात दुसरं, हे त्याला सहन होत नाही. त्यानं बाकीच्यांना सांगितलं. टेबलांवरची गंमत ओसरली. हात थांबले. कुणीतरी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. दैवशाला पिठल्याचं बेसन घेऊन वळली तर सगळेजण तिच्याकडं बघतायत. नुकतीच तिचीच वाक्यं बोलणारी माणसं, आणि आता एकही बोलेना.

राजय्या उठून चुलीकडच्या दारापर्यंत आला. त्याला मराठी येत नव्हती, पण हैदराबादी हिंदी होती, आणि ती दैवशालाला पुरेशी कळते. निजामाच्या मुलखातली माणसं दोघंही.

“अम्मा बोल रहे, आमटी डालो. तुम बोल रहे, डाल दिये. दो बार बोल रहे. किधर डाले?” तो भांडत नव्हता, पण आवाज तुटक होता. “नहीं देना तो नहीं बोलो. झूट नको.”

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. पुस्तकात वाढलं म्हणजे ताटात आलं. आणि तिच्या चुलीपाशी वाढलं म्हणजे, आता नाही.

एक शब्द बोलली असती तर मिटलं असतं. खतम. राजय्याला लगेच कळलं असतं. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आलाही. पण तो तिच्यानं बोलवेना. तिची सासू भागुबाई, जाऊन सहा वर्षं झाली, ती या बाबतीत फार कडक होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी दैवशाला एकदा सहज म्हणाली होती, पीठ संपलं. भागुबाई रागावली नाही. उठली, शेजारून मूठभर पीठ आणलं, डब्यात टाकलं आणि मग म्हणाली, “अन्नाला संपलं म्हणू न्हाई, बाई. अन्न ऐकतंय. वाढलं म्हणावं, म्हंजे ते माघारी येतंय.” तेव्हापासून दैवशालाच्या चुलीपुढं काही संपलेलं नाही. दिवा विझत नाही, वाढतो. कुंकू सरत नाही, वाढतं. आणि आज, बारा माणसं अजून जेवायची असताना, पेटल्या चुलीसमोर अन्न खतम म्हणायचं? चोवीस ताटांची गाडी दारात उभी असताना? तिला रडू आवरेना. झूट म्हणाला होता तिला तो माणूस, ज्या गोष्टीसाठी ती आयुष्यभर तोंड सांभाळत आली त्याच गोष्टीवरून.

मग तिनं काय केलं, तर टेबलापाशी गेली, सत्तेम्माचा हात धरला आणि तिला उठवून आत आणलं. गिऱ्हाइकाला कधी कुणी चुलीपाशी आणत नाही. रिकामं भांडं तर पाहुण्याला दाखवूच नये. पण बोलण्यापेक्षा दाखवणं बरं, असं तिनं ठरवलं. आमटीचं पातेलं उचललं, सत्तेम्मापुढं तिरकं केलं आणि खालमानेनं म्हणाली,

“वाढली.”

सत्तेम्मानं पातेल्यात वाकून पाहिलं. मग चुलीकडं पाहिलं. मग दैवशालाच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. आणि हळूच विचारलं,

“निंडुकुंदा?”

दैवशालाला काय कळणार? पण दारातला राजय्या कपाळाला हात लावून हसायला लागला. बहिणीला काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली, मग तो दैवशालाकडं वळला. बोलताना तो आता अडखळत होता.

“हमारे में भी ऐसाच है, अम्मा. डब्बे में चावल नहीं रहा तो वो शब्द नहीं बोलते. निंडुकुंदि बोलते. बोले तो, भर गया. भर गया बोलते हम.”

दैवशाला ऐकत राहिली. तिकडं भरतं, इकडं वाढतं. मुलूख वेगळा, भाषा वेगळी, आणि म्हातारीनं मात्र सासूसारखंच अन्नाला ऐकू येईल म्हणून तोंड आवरलेलं. ‘तो शब्द’ राजय्यानंही उच्चारला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिनं डोळे पुसले आणि हसली, आणि सत्तेम्मानं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

बाहेर राजय्यानं तेलुगूत सगळं सांगितलं. टेबलांवर असा काही हशा पिकला की धरणावरून परतणारी माणसं लांबूनच बघायला लागली. मिटलेल्या पुस्तिका पुन्हा उघडल्या. जो तो आपापल्या घरचं सांगायला लागला. कुणाकडं तेल भरतं, कुणाकडं मीठ भरतं. “किती झाले?” असं सहा जणांनी एकदम विचारलं, उत्तर “एकशेवीस ताट” असं आलं आणि “स्कॅनर कुठाय?” ला लिंबाजीनं मास्तरासारखं बोट दाखवलं. प्रियांका आली तेव्हा तिला आधी काय झालं तेच कळेना. कळलं तेव्हा तिनं पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून पाहिलं.

“आत्या, ही चूक माझी. मला ठाऊक होतं गं हे. माझ्या आजोळची आज्जी तर असंच म्हणायची. पुस्तकात लिहिताना सुचलंच न्हाई.”

“पुस्तकात कुणाला सुचतंय?” दैवशाला म्हणाली. “तिथं चूल कुठंय?”

प्रियांकानं पेन काढलं आणि शेवटच्या पानावर ‘वाढलं’च्या पुढं दुसरा अर्थ लिहायला घेतला. तेलुगू रकान्यात काय लिहायचं हे मैत्रिणीला विचारावं लागलं नाही. राजय्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, पोस्टातल्या गोल अक्षरात.

एवढ्यात दुसरी बारा माणसं टेबलांवर बसली. कडूबाई दोन वाट्या येसर घेऊन आली होती, पण दोन वाट्यांत बारा जणांचं काय होणार? ती आमटी पाच जणांतच उरकली. पलीकडच्या टेबलावरच्या एका तरुण पोरीनं वाटी पुढं केली आणि पान बघून म्हटलं, “आमटी वाढा.” दैवशाला आतून निघालीच होती. पण तिच्या आधी दाराशी खुर्ची टाकून बसलेली सत्तेम्मा बोलली. हात वर करून, पुस्तिकेकडं न बघता, ठसक्यात.

“आमटी वाढली, माय.”

पोरीनं “अय्यो” म्हणून वाटी मागं घेतली आणि भाताकडं हात केला. दैवशाला उंबऱ्यावरच थांबली. सासू गेल्यावर सहा वर्षांनी तिथं कुणीतरी म्हातारीच्या आवाजात ते वाक्य म्हटलं होतं, आणि म्हणणारी निजामाबादेची होती. मग मागं वळून ती पिठल्याचं पातेलं उतरवायला गेली.

महारुद्र हे सगळं दाराशी उभा राहून बघत होता. भिंतीवर फोटो असलेलं हॉटेल त्याच्या डोक्यात असलंच तर दिसत नव्हतं. त्यानं खिशातून वही काढली.

“काकू, पंधरा दिवसांनी आईतवारी दोन गाड्या धरा. अठ्ठेचाळीस ताटं. जमंल का?”

दैवशालानं पदराला हात पुसले. मागं कडूबाई नको नको म्हणून मान हलवत होती, लिंबाजी हो हो म्हणून.

“जमंल,” ती म्हणाली. “अन् आमटी मी वाढू देणार न्हाई.”

यावर प्रियांकानं चमकून आत्याकडं बघितलं, पण पातेल्याचा तळ दिसू देणार नाही हा त्याचा अर्थ राजय्यानं सत्तेम्माला समजावून सांगितला तेव्हा म्हातारी खुर्चीतून उठली आणि म्हणाली, ठीक आहे, मग मीही येते.